साप्ताहिक ग्रॉस मार्जिन रिपोर्ट: टक्क्यांची सरासरी की विक्रीच्या रकमेनुसार हिशेब? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातले किराणा, गूळ आणि मसाल्याचे दुकानदार आणि त्यांचे हिशेब पाहणारी मंडळी गटवार मार्जिनबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे: लक्ष्मीपुरीतलं एक घाऊक-किरकोळ दुकान आणि त्यातला 'गूळ' हा गट. दुकान काल्पनिक आहे. आकडे तोंडी हिशेब करता यावा इतके सोपे घेतले आहेत.

१. गटवार साप्ताहिक ग्रॉस मार्जिन रिपोर्टमध्ये नेमकं काय असतं?

प्रत्येक गटासाठी एक ओळ आणि त्यात चार आकडे: आठवड्याची विक्री, विकल्या गेलेल्या मालाचा खर्च, या दोन्हींतला फरक म्हणजे ढोबळ नफा रुपयांत, आणि तो नफा विक्रीच्या किती टक्के आहे ते. दुकानभाडं, पगार, वीजबिल यांतलं काहीही इथे येत नाही. माल दुकानात येईपर्यंतचा खर्च मात्र येतो, म्हणजे खरेदीची रक्कम, हमाली, तोलाई आणि गाडीभाडं.

रुपयांचा रकाना बरेच जण गाळतात आणि फक्त टक्के ठेवतात. तसं करू नका. पुढच्या जवळपास प्रत्येक प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

२. प्रत्येक वस्तूचं मार्जिन टक्क्यांत काढलेलंच आहे. त्यांची सरासरी काढली की गटाचं मार्जिन मिळत नाही का?

नाही मिळत. गूळ गटाचा एक आठवडा पाहा, त्यातला रवा म्हणजे गुळाची ढेप:

| वस्तू | विक्री (रु.) | खर्च (रु.) | नफा (रु.) | मार्जिन |
|---|---|---|---|---|
| १० किलोचा रवा | १,२०,००० | १,१४,००० | ६,००० | ५% |
| १ किलोचं पॅक | ३०,००० | २५,५०० | ४,५०० | १५% |
| गूळ पावडर | ८,००० | ६,००० | २,००० | २५% |
| काकवीची बाटली | २,००० | १,३०० | ७०० | ३५% |
| एकूण | १,६०,००० | १,४६,८०० | १३,२०० | ? |

५, १५, २५ आणि ३५ यांची सरासरी २० टक्के येते. एकूण नफा भागिले एकूण विक्री केलं तर १३,२०० भागिले १,६०,०००, म्हणजे ८.२५ टक्के. एकाच आठवड्याच्या एकाच मालाचे हे दोन आकडे आहेत.

त्यातला खरा कोणता, हे गल्ला सांगतो. मार्जिन खरोखर २० टक्के असतं तर १,६०,००० च्या विक्रीवर ३२,००० रुपये सुटायला हवे होते. सुटलेत १३,२००. मधले १८,८०० रुपये कुणी नेले नाहीत, ते कधी आलेच नव्हते. साध्या सरासरीने दोन हजारांच्या काकवीला एक लाख वीस हजारांच्या रव्याच्या बरोबरीने बसवलं, म्हणून ते कागदावर दिसले.

यातून होणारं नुकसान मोठं असतं. वीस टक्के सुटताहेत असं समजून मालक घाऊक गिऱ्हाइकाला रव्यावर आणखी तीन टक्के सूट देतो. शंभर रुपयांच्या मालात पाच सुटत होते. सूट दिल्यावर ९७ रुपये हाती येतात आणि खर्च ९५ चा ९५ च राहतो. नफा दोन रुपयांवर येतो.

३. मग सरासरीला भार कशाचा द्यायचा? विक्रीच्या रकमेचा, किलोंचा की नगांचा?

मार्जिन विक्रीवर मोजलं असेल तर भार विक्रीच्या रकमेचाच. कारण साधं आहे: ५ टक्के गुणिले १,२०,००० केलं की ६,००० रुपये परत मिळतात. प्रत्येक वस्तूचे टक्के तिच्या विक्रीने गुणून बेरीज केली आणि एकूण विक्रीने भागलं, तर अंशात नफ्याचीच बेरीज येते. म्हणजे भारित सरासरी हा वेगळा प्रकार नाही. 'एकूण नफा भागिले एकूण विक्री' हाच हिशेब लांबच्या वाटेने केलेला असतो. रुपये हाताशी असतील तर टक्क्यांकडे वळूच नका, थेट बेरजा भागा.

किलोंचा भार दिला तर तो भागाकार जुळत नाही. शिवाय काकवीच्या बाटल्या नगावर आणि रवे वजनावर विकले जातात, त्यांची बेरीज कशात करणार?

४. एक्सेलमध्ये हे कसं बसवायचं? पिव्होट टेबल तर आपोआप सरासरी देतं.

पिव्होटची ती सरासरी हीच सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक आहे. विक्रीच्या नोंदींत आधीच मार्जिन टक्क्यांचा रकाना असतो, तो ओढून पिव्होटमध्ये टाकला जातो, बेरीज विचित्र दिसते म्हणून Average निवडलं जातं, आणि आकडा दिसायला ठीक असल्यामुळे कुणाला शंका येत नाही.

टक्क्यांचा रकाना पिव्होटमध्ये घेऊच नका. विक्रीचा रकाना Sales आणि नफ्याचा रकाना Profit या नावाने ठेवा आणि Calculated Field तयार करून हे सूत्र द्या:

```
=Profit/Sales
```

Calculated Field आधी त्या गटाच्या बेरजा करतं आणि मग भागतं, त्यामुळे ओळी कितीही असल्या तरी उत्तर ८.२५ टक्केच येतं. तळाची एकूण ओळही त्याच पद्धतीने बरोबर निघते.

पिव्होट नको असेल, तर B रकान्यात गट, D मध्ये विक्री, E मध्ये खर्च आणि H2 मध्ये गटाचं नाव धरून:

```
=1-SUMIFS(E:E,B:B,H2)/SUMIFS(D:D,B:B,H2)
```

आठवडा ठरवायला WEEKNUM वापरणाऱ्यांनी जपून राहावं. काही सांगितलं नाही तर ते रविवारपासून आठवडा धरतं आणि १ जानेवारीला आठवडा मध्येच तोडून नवा क्रमांक देतं. त्याऐवजी A मधल्या तारखेवरून त्या आठवड्याच्या सोमवारची तारीख काढा आणि तिच्यावर गट पाडा:

```
=A2-WEEKDAY(A2,2)+1
```

५. आमच्याकडे 'खरेदीवर शेकडा दहा' असं चढवतात. तेच मार्जिन धरायचं ना?

नाही. शंभराला पडलेला माल ११० ला विकला तर खरेदीवर दहा टक्के चढवले, पण विक्रीवर मार्जिन १० भागिले ११०, म्हणजे ९.०९ टक्के आहे. टक्का जितका मोठा तितकी दोन्हींत दरी वाढते. खरेदीवर पन्नास टक्के चढवले तर विक्रीवर ३३.३३ टक्केच मार्जिन बसतं.

इथे भाराचाही घोळ होतो. खरेदीवरच्या टक्क्यांना विक्रीचा भार दिला तर उत्तर चुकतं. त्यांना खर्चाचा भार द्यावा लागतो. एका दुकानात खरेदीवरचे टक्के बोलून दाखवायचे आणि रिपोर्टमध्ये विक्रीवरचे छापायचे, असं चालू असेल तर रकान्याच्या मथळ्यात 'विक्रीवर' असा शब्द लिहाच.

६. आमचा रिपोर्ट आधीच दुसऱ्या कुणी बनवलेला आहे. तो सरासरी काढतो की भागाकार, हे न उघडता कसं ओळखू?

एक खात्रीची परीक्षा आहे. नोंदींतली एखादी ओळ दोन ओळींत तोडा. समजा काकवीची २,००० ची ओळ हजार-हजारच्या दोन ओळी केली आणि खर्चही ६५०-६५० असा वाटला. माल तोच, पैसे तेच, त्यामुळे गटाचं मार्जिन हलायला नको. साधी सरासरी असेल तर ते २० वरून २३ टक्क्यांवर जाईल, कारण ३५ आता दोनदा मोजले गेले. भागाकार असेल तर ८.२५ वर ठाम राहील.

बिलाच्या प्रत्येक ओळीवरून रिपोर्ट काढणाऱ्यांनी हे आधी तपासावं. काकवी एकेक बाटली करत चाळीस बिलांत जाते आणि रवे तीनच मोठ्या बिलांत जातात. त्या त्रेचाळीस ओळींची सरासरी ३२.९ टक्के भरते. म्हणजे जितकी किरकोळ बिलं जास्त तितका आकडा चढतो, धंद्यात काही बदललेलं नसतानाही.

टक्के सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मार्जिनच्या मध्ये आले म्हणजे हिशेब बरोबर, असं काही जण समजतात. चुकीची सरासरीही त्या दोन टोकांमध्येच येते, तेव्हा तो पुरावा धरू नका.

७. या आठवड्यात कुठल्याच वस्तूचा दर बदलला नाही, तरी गटाचं मार्जिन वाढलं. सूत्रात चूक आहे का?

बहुतेक वेळा चूक नसते. विक्रीची वाटणी बदललेली असते. समजा पुढचा आठवडा संक्रांतीचा आहे. एकूण विक्री तेवढीच, १,६०,०००, पण रवा ९०,००० वर आला, १ किलोचं पॅक ५०,००० वर गेलं, पावडर १६,००० आणि काकवी ४,०००. टक्के जुनेच धरले तर नफा ४,५०० अधिक ७,५०० अधिक ४,००० अधिक १,४००, म्हणजे १७,४०० रुपये. गटाचं मार्जिन १०.८८ टक्के. साधी सरासरी मात्र अजून २० वरच बसलेली आहे. घरगुती गिऱ्हाईक वाढलं ही आठवड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तिला दिसतच नाही.

आता थोडं अवघड. समजा त्याच आठवड्यात सौद्यात गुळाचा दर चढला, तुम्ही विक्रीचा दर वाढवला नाही, आणि रव्यावर ५ ऐवजी ४ टक्केच सुटले. रव्याचा नफा ४,५०० ऐवजी ३,६००. गटाचा नफा १६,५०० आणि मार्जिन १०.३१ टक्के. मागच्या आठवड्याचे ८.२५ शेजारी ठेवून मालक खूश होतो, आणि रव्यातली गळती तशीच चालू राहते.

म्हणून मधला एक आकडा काढायचा: *या आठवड्याची विक्री, पण मागच्या आठवड्याचे टक्के*. तो इथे १०.८८ आला. ८.२५ ते १०.८८ ही २.६३ टक्क्यांची वाढ वाटणी बदलल्यामुळे आहे. १०.८८ ते १०.३१ ही ०.५७ टक्क्यांची घट मार्जिन खरंच घसरल्यामुळे आहे. पहिला भाग सणाबरोबर ओसरेल. दुसऱ्या भागासाठी दर आजच बघायला हवा. रिपोर्टमध्ये हे दोन रकाने नसतील तर एकूण बदलाचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. हा मधला आकडा वस्तूंच्या पातळीवरच काढायचा, गटाच्या नव्हे. नाहीतर गटाच्या आतली वाटणी त्यात लपून जाते.

८. विक्री जीएसटी धरून घ्यायची की सोडून?

सोडून, दोन्ही बाजूंना. सरकारचे पैसे तुमचा नफा नाहीत. गुळात याला विशेष महत्त्व आहे, कारण सुट्या गुळावर जीएसटी नाही आणि पॅकबंद, लेबल लावलेल्या गुळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के लागू झाला. एकाच गटात दोन्ही प्रकार बसलेले असतात.

नेहमीची चूक अशी: विक्री बिलाच्या एकूण रकमेवरून, म्हणजे करासह घेतली जाते आणि खर्च स्टॉक रजिस्टरमधून, म्हणजे कराशिवाय. १ किलोच्या पॅकची विक्री मग ३०,००० ऐवजी ३१,५०० दिसते, खर्च २५,५०० च राहतो आणि मार्जिन १५ ऐवजी १९.०५ टक्के होतं. पॅकबंद माल अचानक फार फायद्याचा वाटायला लागला तर आधी हे बघा.

कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. तुमच्यासाठी तो कर मालाच्या खर्चाचाच भाग आहे, तो खर्चात धरा.

९. विक्रीतून या आठवड्याची खरेदी वजा केली तर मार्जिन उणे येतं. असं का?

कारण खरेदी केलेला सगळा माल याच आठवड्यात विकला गेलेला नाही. हंगामात सौद्यात दर बरा मिळाला की दोन आठवड्यांचे रवे एकदम उचलले जातात. समजा १,९०,००० ची खरेदी झाली आणि विक्री १,२०,००० ची. नुसतं वजा केलं तर ७०,००० चा तोटा दिसेल. प्रत्यक्षात सुरुवातीचा साठा ६०,००० आणि शेवटचा साठा १,३६,००० असेल, तर विकलेल्या मालाचा खर्च ६०,००० अधिक १,९०,००० वजा १,३६,०००, म्हणजे १,१४,००० येतो.

बिलिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक विक्रीला खर्च लावत असेल तर दर आठवड्याला साठा मोजायची गरज नाही. मात्र सरासरी खर्च किंवा 'आधी आलेला माल आधी गेला' यांपैकी एकच पद्धत वर्षभर ठेवा. मध्येच पद्धत बदलली की मार्जिन उडी मारतं, आणि ती उडी प्रश्न ७ मधल्या हिशेबात 'मार्जिन खरंच बदललं' म्हणून दिसते.

१०. स्कीममध्ये फुकट दिलेला माल आणि परत आलेला माल कसा धरायचा?

फुकट मालाची विक्री शून्य आणि खर्च ठेवायचा. १ किलोची पाकिटं वर दिली आणि त्यांचा खर्च ६०० रुपये झाला, तर गटाचा नफा १२,६०० आणि मार्जिन ७.८८ टक्के. गडबड अशी होते की त्या ओळीत टक्के काढताना #DIV/0! येतं, कुणीतरी IFERROR लावून ते लपवतं, आणि त्या ओळीबरोबर ६०० रुपयांचा खर्चही हिशेबातून जातो. बेरजा भागणाऱ्या रिपोर्टला ती ओळ टक्क्यांत मोजावीच लागत नाही.

परत आलेल्या मालाची विक्री आणि खर्च दोन्ही उणे लिहा. घाऊक गिऱ्हाइकाने १२,००० चे रवे परत केले, त्यांचा खर्च ११,४००. गटाची विक्री १,४८,००० झाली, नफा १२,६०० आणि मार्जिन ८.५१ टक्के. टक्के चढले आणि रुपये उतरले, कारण कमी मार्जिनचा माल बाहेर पडला. हिशेब बरोबर आहे, आणि रुपयांचा रकाना का हवा ते इथे दिसतं.

परतीमुळे एखाद्या गटाची निव्वळ विक्री शून्य किंवा उणे झाली, तर टक्क्यांच्या जागी आडवी रेघ द्या आणि रुपये तेवढे दाखवा. त्या टक्क्यांना काही अर्थ नसतो.

११. सगळ्या दुकानाचं आणि महिन्याचं मार्जिन काढताना तरी गटांची सरासरी चालेल का?

तिथेही तोच नियम. गूळ १,६०,००० वर १३,२००, मसाले ८०,००० वर २०,०००, तेल-साखर २,४०,००० वर ७,२००. एकूण ४,८०,००० वर ४०,४००, म्हणजे ८.४२ टक्के. तिन्ही गटांच्या टक्क्यांची सरासरी १२.०८ सांगेल. महिन्यासाठी चार आठवड्यांचे टक्के नको, चार आठवड्यांची विक्री आणि नफा यांची बेरीज घ्या. दिवाळीचा आठवडा आणि त्यानंतरचा मंद आठवडा सारखे मोजून चालत नाही.

१२. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं, वजन घटतं. ते मार्जिनमध्ये कुठे दिसतं?

तुम्ही दाखवलंत तरच. बिलाला लावलेला खर्च विकल्या गेलेल्या किलोंचाच असतो, घटलेल्या किलोंचा नसतो. मोजणीत १२ किलो कमी भरले आणि किलोला ४५ रुपये पडले असतील, तर 'घट' नावाची एक ओळ गूळ गटातच टाका: विक्री शून्य, खर्च ५४०. ती कुठल्याही एका वस्तूवर लादू नका, नाहीतर त्या वस्तूचा विक्रीदर चुकल्यासारखा वाटतो. रवा फोडून सुटा विकताना पडणारा चुराही याच ओळीत जातो.

१३. आम्ही शेतकऱ्यांचा गूळ अडतीवरही विकतो. ती विक्री गूळ गटात घ्यायची का?

घेऊ नका. तो माल तुमचा नाही, तुमची फक्त अडत आहे. समजा २,००,००० चा गूळ अडतीवर गेला आणि त्यात तुम्हाला ६,००० मिळाले. पूर्ण रक्कम विक्रीत आणि १,९४,००० खर्चात टाकले, तर गटाची विक्री ३,६०,००० आणि मार्जिन ५.३३ टक्के दिसेल, आणि दुकानातल्या गुळाचा धंदा बसला असं वाटेल. अडतीची वेगळी ओळ करा, तिच्यात ६,००० रुपयेच दाखवा आणि ते मार्जिनच्या टक्क्यांत मिसळू नका.

१४. साधी सरासरी कधीच वापरायची नाही का?

सगळ्या वस्तूंची विक्री जवळपास सारखी असेल तर दोन्ही उत्तरं जवळ येतात, पण तसं दुकान क्वचित असतं. प्रश्नच वेगळा असेल, म्हणजे 'आपण वस्तूंना साधारण किती टक्के मार्जिन लावतो?', तर साधी सरासरी चालेल. तेव्हा ती मथळ्यात तसं लिहून वेगळ्या पानावर ठेवा. साप्ताहिक रिपोर्टच्या त्याच रकान्यात तिला जागा देऊ नका.